कॅपॅसिटर बंद केले आणि पॉवर फॅक्टर सुधारला

वरुड तालुक्यातल्या एका कोल्ड स्टोरेजचा ऑपरेटर मला दर दीड-दोन महिन्यांनी फोन करायचा. "सायेब, कॅपॅसिटर पुन्हा फुगले जी. मांगं तीन बदलले होते, त्यातले दोन गेले." संत्र्याची आवक जोरात असली की हमखास. दुकानदाराने प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा महागडे डबे दिले, तेही फुगले. ऑफिसमधला यूपीएस भर दुपारी लाइट असताना बॅटरीवर जायचा. एक ड्राइव्ह अधूनमधून 'ओव्हरव्होल्टेज' म्हणून ट्रिप व्हायचा, आणि मीटरवर व्होल्टेज बघावं तर अगदी ठीक.

तिथली वायरिंग आधी सांगतो. ११ केव्हीचं एचटी कनेक्शन, स्वतःचा ३१५ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर. दोन कॉम्प्रेसर ४५-४५ किलोवॅटचे, कोठ्यांतले आठ पंखे, कंडेन्सरचे दोन पंप. दोन वर्षांपूर्वी वीज वाचावी म्हणून या सगळ्यांवर ड्राइव्ह बसवले, म्हणजे मोटारीचा वेग गरजेप्रमाणे बदलणारे व्हीएफडी. ग्रेडिंग आणि वॅक्सिंगच्या लाइनच्या मोटारी मात्र थेट चालतात. पॉवर फॅक्टर आपोआप सांभाळण्यासाठी असतं त्या एपीएफसी पॅनलमध्ये १२० केव्हीएआरचे कॅपॅसिटर. हे कॅपॅसिटर ड्राइव्ह येण्याच्या आधीचे, स्टार-डेल्टावर मोटारी चालत होत्या तेव्हाच्या हिशोबाचे. सगळी गोम तिथेच होती, पण ती दिसायला ड्राइव्ह वीज कसा खेचतो ते आधी कळलं पाहिजे.

साधी मोटार वीज सलग घेते. व्होल्टेजची लाट वर-खाली होते, तशीच करंटची लाट मागोमाग. ड्राइव्हचं तसं नाही. त्याच्या आत आधी एसीचं डीसी होतं आणि ते एका मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठतं. नाल्याकाठी टाकं बांधलंय असं समजा. नाल्याचं पाणी टाक्याच्या काठावर चढलं तरच आत शिरणार, एरवी एक थेंब नाही. व्होल्टेजची लाट शिखरावर असते तेवढाच वेळ ड्राइव्ह करंट घेतो, तोही गपकन. स्कोपवर बघितलं तर प्रत्येक अर्ध्या लाटेत उंटाच्या पाठीसारखी दोन उंच वशिंडं दिसतात आणि आजूबाजूला सपाट.

ही वेडीवाकडी लाट गणिताने सुटी केली की त्यात आपला ५० हर्ट्झचा मूळ करंट निघतो आणि त्याच्यासोबत २५०, ३५०, ५५०, ६५० हर्ट्झचे करंट निघतात. पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा हार्मोनिक म्हणतात ते हेच. तिसरा आणि नववा इथे जवळपास नसतात, कारण तीन फेजचा ड्राइव्ह सहा डायोडचा असतो आणि त्याला न्यूट्रल लागत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे रिअॅक्टर निवडताना कामी येईल.

हे जास्तीचे करंट मोटारीला काडीची ताकद देत नाहीत. तारा, ट्रान्सफॉर्मर तापवतात एवढंच त्यांचं काम. आमच्या ठिकाणी सगळे ड्राइव्ह मिळून ११० किलोवॅट चालू असताना ५० हर्ट्झचा करंट १६० अँपिअर होता, पण तारेतून प्रत्यक्षात १८० वाहत होता. गावातल्या इलेक्ट्रिशियनचा साधा क्लॅम्प मीटर त्याच तारेवर १५० दाखवत होता. तो मीटर बिघडलेला नव्हता. लाट गोल आहे असं धरूनच तो आकडा काढतो. अशा ठिकाणी 'ट्रू आरएमएस' लिहिलेलाच मीटर लागतो, नाहीतर पहिल्या पायरीलाच आपण फसतो.

आता पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती खरोखर कामाला आली ते प्रमाण. ड्राइव्हचा मूळ ५० हर्ट्झचा करंट व्होल्टेजच्या जवळपास बरोबरीने चालतो, मागे पडत नाही. मोटारीला जे चुंबकीय करंट लागतं ते ड्राइव्ह आतल्या आत पुरवतो, ते बाहेरून येतच नाही. त्या अर्थाने त्याचा पॉवर फॅक्टर ०.९७. पण मीटरला हार्मोनिकही मोजावे लागतात. १६० च्या जागी १८० अँपिअर वाहतात, म्हणून तो ०.८६ दाखवतो. महावितरणचं एचटी बिल २०२० पासून केव्हीएएचवर येतं, म्हणजे कामी न आलेल्या करंटचेही पैसे लागतात, त्यामुळे हा फरक थेट खिशाला लागतो. ऑपरेटरने आकडा बघितला, पॉवर फॅक्टर पडला म्हणजे कॅपॅसिटर कमी पडतायत असं समजला, आणि एपीएफसीचा रिले मॅन्युअलला टाकून सगळ्या पायऱ्या कायमच्या चालू करून ठेवल्या. त्याला दोष देत नाही. आयटीआयमध्ये आम्हालाही एवढंच शिकवलं होतं. पण कॅपॅसिटर मागे पडलेला करंट पुढे ओढतो, वाकडा झालेला करंट सरळ करत नाही.

एवढंच असतं तर ते कॅपॅसिटर निरुपयोगी म्हणून सोडून दिले असते. पण ते भर घालत होते. ट्रान्सफॉर्मरची वेटोळी आणि कॅपॅसिटर एकत्र आले की त्या जोडीची स्वतःची एक फ्रिक्वेन्सी तयार होते. जुन्या एसटीच्या काचा आठवा. ड्रायव्हरने गाडी एका ठरावीक वेगाला आणली की सगळ्या खिडक्या एकदम खडखडायला लागतात, जरा वेग वाढवला की गप्प. तो 'ठरावीक वेग' काढायचा सोपा हिशोब असा:

```
h = √(Ssc / Qc)
```

`Qc` म्हणजे चालू असलेले कॅपॅसिटर, केव्हीएआरमध्ये. `Ssc` म्हणजे पॅनलजवळ शॉर्टसर्किट झालं तर किती केव्हीए येतील ते. ट्रान्सफॉर्मरच्या प्लेटवर इम्पीडन्स लिहिलेला असतो. आमच्या ३१५ केव्हीएच्या प्लेटवर ४.५ टक्के होता, म्हणून ३१५ भागिले ०.०४५, म्हणजे ७,००० केव्हीए. पण हा झाला नुसता ट्रान्सफॉर्मर. मागे ११ केव्हीचा लांबलचक ग्रामीण फीडर आहे, तिथली ताकद ४० एमव्हीए धरली की दोन्ही मिळून ६,००० च्या आसपास येतं. ६,००० ला १२० ने भागलं तर ५०, आणि ५० चं वर्गमूळ सातला थोडं वर.

सात! ड्राइव्ह सातवा हार्मोनिक सोडतो आणि पॅनल बरोबर सातव्यालाच खडखडणारं. ड्राइव्हमधून ३५० हर्ट्झचे ४० अँपिअर निघत होते आणि कॅपॅसिटरच्या तारांमध्ये त्याच ३५० हर्ट्झचे १३० अँपिअर फिरत होते. पाचवाही जवळच असल्याने तोही ट्रान्सफॉर्मरकडे जाताना दुप्पट होत होता. बँकेचा रोजचा हक्काचा करंट १५५ अँपिअर, आणि वाहत होता २१४. कॅपॅसिटर सततचा १.३ पट करंट सोसेल असा बनवलेला असतो, इथे १.३८ पट चालला होता. डबा फुगणारच. बरं, बदललेला डबा कितीही भारी असला तरी केव्हीएआर तोच, म्हणजे वर्गमूळही तेच.

हे अॅनालायझर लावून मोजलं, पण ओळखायला अॅनालायझरच हवा असं नाही. सगळे ड्राइव्ह नेहमीसारखे चालू ठेवून एपीएफसीचा मेन स्विच दहा मिनिटं बंद करून बघा. आम्ही केला तेव्हा ट्रान्सफॉर्मरची घूं-घूं ऐकू येईल इतकी कमी झाली. इनकमरचा, म्हणजे आत येणाऱ्या मुख्य लाइनचा, करंट २९५ अँपिअरवरून २४५ वर आला. व्होल्टेजमधली विकृती, म्हणजे टीएचडी, १४ टक्क्यांवरून ६ वर. आणि पॉवर फॅक्टर ०.७४ वरून ०.८७. ऑपरेटर दोनदा म्हणाला, "बंद केल्यावर वाढला? उलटं कसं होऊन राह्यलं जी हे?" कॅपॅसिटर बंद केल्यावर करंट कमी झाला तर तुमच्याकडे रेझोनन्स, म्हणजे हाच खडखडाट, आहे किंवा गरजेपेक्षा जास्त कॅपॅसिटर आहेत. बहुतेक वेळा दोन्ही.

यूपीएसचं कोडंही इथेच सुटलं. सरासरी व्होल्टेज बरोबर असलं तरी लाट एवढी खडबडीत होती की यूपीएसला ती पसंत पडत नव्हती, आणि ड्राइव्ह शिखर बघतो, सरासरी नाही. आयईईई ५१९ हे या कामातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं मानक. एक केव्हीपर्यंतच्या लाइनवर व्होल्टेजचा टीएचडी आठ टक्क्यांच्या आत असावा असं ते म्हणतं. कॅपॅसिटर बंद करून आम्ही सहावर आलो होतो, म्हणजे एकही रुपया खर्च न करता पास.

मग मालकाच्या, म्हणजे भाऊंच्या, टेबलावर कोटेशन आलं. १०० अँपिअरचा अॅक्टिव्ह फिल्टर, जुने कॅपॅसिटर तसेच. भाऊ म्हणाले, घेऊन टाकू का? मी म्हटलं, थांबा, आधी स्वस्तातलं करू.

इथे जरा थांबून एक घोळ मिटवतो, कारण 'फिल्टर' या नावाखाली बाजारात भलतंच गळ्यात मारलं जातं. ड्राइव्हच्या मोटारीकडच्या बाजूला लागतो तो आउटपुट चोक किंवा डीव्ही-डीटी फिल्टर. लांब केबल असेल तर मोटारीचं इन्सुलेशन वाचवायला तो असतो, बोअरवेलच्या मोटारीला कामाचा. लाइनकडचा हार्मोनिक त्याने हलत नाही. ईएमआय फिल्टर असतो तो खूप वरच्या फ्रिक्वेन्सीच्या गोंगाटासाठी, रेडिओ-सेन्सरला त्रास होऊ नये म्हणून. पाचव्या-सातव्याशी त्याचंही देणंघेणं नाही. आपल्याला हवी ती वस्तू लाइनकडच्या बाजूला, ड्राइव्हच्या आधी बसते.

त्यातली पहिली आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे चोक. तांब्याचं वेटोळं आणि लोखंडाचा गाभा, बिघडण्यासारखं काही नाही. वशिंड उंच होऊ देत नाही, ते पसरवतो. 'तीन टक्के चोक' म्हणजे पूर्ण करंट वाहताना त्याच्यावर तीन टक्के व्होल्टेज पडतं असा. बऱ्याच मोठ्या ड्राइव्हमध्ये डीसी बाजूचा चोक आतच असतो, म्हणून आधी मॅन्युअल वाचा. आमच्या कॉम्प्रेसरच्या ड्राइव्हमध्ये नव्हता, पण तो जोडायची सोय होती. `P1` आणि `P+` या दोन टर्मिनलवर लोखंडी पट्टी कसलेली होती. ती पट्टी काढायची आणि तिथे चोक जोडायचा. एकदा दुसरीकडे मी पाहिलंय, चोक छान बसवला होता, वायरिंग टापटीप, आणि पट्टी तशीच ठेवलेली. सगळा करंट पट्टीतून, चोक नुसता शोभेला.

पंखे आणि पंपांच्या ड्राइव्हना आम्ही लाइनकडून प्रत्येकी वेगळा चोक दिला. सगळ्यांना मिळून एकच मोठा दिला तर थोडे पैसे वाचतात, पण रात्री दोनच पंखे चालू असले की त्या दोघांच्या करंटला तो चोक फारच मोकळाढाकळा पडतो.

चोक बसल्यावर पाचवा ७० अँपिअरवरून ५० वर आला आणि सातवा ४० वरून १८ वर. सातव्याला चोक जास्त चावतो, कारण फ्रिक्वेन्सी वाढली की वेटोळ्याचा अडथळा वाढतो. व्होल्टेजचा टीएचडी ६ वरून ४ टक्क्यांच्या आत.

दुसरं काम कॅपॅसिटरचं. पूर्ण काढून टाकता येत नाहीत, थेट चालणाऱ्या मोटारींना ते लागतातच. पण किती? ग्रेडिंग लाइनचे साधारण ५० किलोवॅट ०.८ पॉवर फॅक्टरवर, म्हणजे ३७-३८ केव्हीएआर, आणि ड्राइव्हचे थोडे, मिळून ६५. त्यातले ५० दिले की भागतं. १२० ची गरज ड्राइव्ह बसले त्या दिवशीच संपली होती.

या ५० च्या प्रत्येक पायरीसोबत सात टक्क्यांचा डीट्यून्ड रिअॅक्टर लावला. हा रिअॅक्टर कॅपॅसिटरच्या सिरीजमध्ये बसतो आणि त्या जोडीची फ्रिक्वेन्सी १८९ हर्ट्झवर आणून ठेवतो, म्हणजे पाचव्याच्या २५० च्या बरीच खाली. १८९ च्या वर ती जोडी कॅपॅसिटरसारखी वागतच नाही, त्यामुळे पाचव्या-सातव्याला खडखडाट होऊ शकत नाही, मग कितीही पायऱ्या चालू-बंद होवोत. इमारतीत एका फेजवरचे एलईडी, कॉम्प्युटर, यूपीएस यांचा भार मोठा असता तर तिसऱ्या हार्मोनिकसाठी १४ टक्क्यांचा घ्यावा लागला असता, त्याची जोडी १३४ हर्ट्झवर येते. दवाखाना किंवा कॉलेजची इमारत असेल तर हे तपासा. कोल्ड स्टोरेजला सात पुरे.

इथे दोन चुका सर्रास होतात. रिअॅक्टर जोडला की कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज वाढतं. ४३३ भागिले ०.९३, म्हणजे ४६६ व्होल्ट. जुने ४४० व्होल्टचे डबे त्यात टिकणार नाहीत, आम्ही ५२५ चे घेतले. आणि दुसरी, काही पायऱ्यांना रिअॅक्टर, काही तशाच मोकळ्या. मोकळी पायरी एकच असली तरी खडखडाट परत येतो, फक्त वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर.

डीट्यून्ड रिअॅक्टर हा खरं तर फिल्टर नव्हे, तो आगीत तेल ओतणं थांबवतो. पाचव्याचा साधारण पाचवा भाग तो स्वतःकडे वळवतो, एवढाच फायदा. पाचव्याला मुद्दाम गिळणारा ट्यून्ड फिल्टर वेगळा असतो, २३५ हर्ट्झच्या आसपास लावलेला. भार दिवसभर सारखा असेल, एखाद्या मोठ्या पंपिंग स्टेशनसारखा, तर तो उत्तम आणि अॅक्टिव्हपेक्षा स्वस्त. आमच्याकडे हंगाम संपला की निम्म्या कोठ्या बंद. अशा वेळी तो नको तेवढा कॅपॅसिटर होऊन बसतो, शिवाय फीडरवरच्या शेजाऱ्यांचे हार्मोनिकही ओढून घेतो. म्हणून तो सोडला.

एवढं केल्यावर इनकमरवर हार्मोनिक करंट राहिला ४३ अँपिअर, एकूण २१५ च्या मानाने २० टक्के. आमच्या भाराच्या आणि फीडरच्या प्रमाणात आयईईई ५१९ मध्ये ११ केव्हीच्या जोडणीवर करंटची मर्यादा १५ टक्के येते. म्हणजे व्होल्टेजला पास, करंटला नापास. पॉवर फॅक्टर ०.९७ च्या वर, कॅपॅसिटर थंड, यूपीएस गप्प. भाऊंनी इथे थांबायचं ठरवलं असतं तरी मी फार आग्रह धरला नसता.

पण लाइट गेली आणि डीजी सुरू झाला. २५० केव्हीएचा जनरेटर, त्याच्या आतला अडथळा १५ टक्के धरला तर शॉर्टसर्किटची ताकद जेमतेम १,७०० केव्हीए. ट्रान्सफॉर्मर आणि फीडर मिळून ६,००० होती. तेच हार्मोनिक करंट साडेतीन पट जास्त अडथळ्यातून गेले की व्होल्टेज तितकंच जास्त वाकडं होणार. प्रत्यक्षात त्याच अडथळ्यामुळे ड्राइव्हचं वशिंडही थोडं बसतं, म्हणून पूर्ण साडेतीन पट होत नाही. आम्हाला १० टक्क्यांच्या आसपास मिळालं, आणि डीजीचा व्होल्टेज रेग्युलेटर गोंधळून वर-खाली करायला लागला. दिवे श्वास घेतल्यासारखे कमी-जास्त होत होते. आपल्याकडे उन्हाळ्यात डीजी किती तास चालतो ते वेगळं सांगायला नको, आणि नेमकी त्याच दिवसांत कोठ्यांत मृगाची संत्री असतात.

अॅक्टिव्ह फिल्टर घ्यायचं खरं कारण डीजी. हा फिल्टर सीटीतून, म्हणजे तारेवर बसवलेल्या करंट मोजणाऱ्या कड्यातून, करंट बघतो, त्यातला वाकडेपणा ओळखतो आणि तेवढाच उलटा करंट सोडतो. त्याची साइज किलोवॅटवर ठरत नाही, हार्मोनिकच्या अँपिअरवर ठरते. चोक नसताना ड्राइव्हचे हार्मोनिक ८२ अँपिअर होते, म्हणून कोटेशन १०० चं. चोक आणि रिअॅक्टरनंतर ४३ राहिले. त्यातले ३० खाल्ले तरी उरतात १३, म्हणजे सहा टक्के. ३० अँपिअरचा फिल्टर पुरला. चोक न लावता थेट मोठा फिल्टर घेतला असता तर आणखी एक गंमत झाली असती. फिल्टर व्होल्टेज सरळ करून देतो, मग ड्राइव्हला आणखी मोकळीक मिळते आणि तो आणखी उंच वशिंडं काढतो, म्हणजे फिल्टरने स्वतःचंच काम वाढवायचं. आणि जुने मोकळे कॅपॅसिटर तसेच राहिले असते तर ३५० हर्ट्झवर फिल्टर आणि ते यांची झटापट झाली असती, ती वेगळीच.

बसवताना एक सीटी उलटी लागली होती. त्या फेजवर हार्मोनिक कमी व्हायच्या ऐवजी वाढला. सुरू केल्यावर तिन्ही फेजचं रीडिंग वेगवेगळं बघितलं म्हणून पाच मिनिटांत कळलं, नुसती बेरीज बघितली असती तर 'फिल्टर कमी पडतोय' असंच वाटलं असतं.

जागेवरून मात्र भाऊंशी वाद झाला. त्यांना तो पॅनलच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये हवा होता. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४५ अंश, शेडमध्ये त्याहून जास्त, आणि बहुतेक फिल्टर ४० अंशांच्या वर क्षमता उतरवायला लागतात. ३० अँपिअरचा मग ऐन गरजेला २०-२२ चाच. शेवटी ग्रेडिंग हॉलच्या मागच्या भिंतीला, सावलीत बसवला. एक गोष्ट माझ्याही लक्षात आली नव्हती. तिथे मेणाचे कण उडतात आणि फिल्टरच्या पंख्याची जाळी चिकट होऊन तीन आठवड्यांत बंद होते. ऑपरेटर आता दर सोमवारी ती काढून साबणाने धुतो आणि पॅनलच्या दारामागे पेन्सिलने तारीख टाकतो. त्याच्याच खाली कॅपॅसिटरच्या तीन फेजचे अँपिअरही लिहितो, नव्या ट्रू आरएमएस मीटरने घेतलेले.